आठ महिने व्हीपीएन वापरला: कोणापासून लपलो आणि कोणापासून नाही

मी कोथरूडला पीजीमध्ये राहतो. वाय-फाय मालकांच्या नावावर आहे आणि राउटर त्यांच्या हॉलमध्ये. आपण काय बघतो ते त्यांना दिसत असेल ही गोष्ट मला फार खटकायची. रूमवरचा मित्र म्हणाला, "व्हीपीएन लाव, मग तू कोण आहेस ते कुणालाच कळणार नाही." व्हीपीएन म्हणजे आपली इंटरनेटची वाहतूक कुलूपबंद करून आधी दुसऱ्या एका सर्व्हरकडे नेणारी आणि तिथून पुढे पाठवणारी सेवा. मित्राचं म्हणणं मी शब्दशः खरं मानलं आणि वर्षभराचे पैसे भरले. आज आठ महिने झाले. ज्यांची तशीच समजूत आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला धक्का पहिल्याच आठवड्यात बसला. फोनवर सिंगापूरचा सर्व्हर लावला, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, दाखवणारं पान उघडून बघितलं, खरंच सिंगापूर आलं. मग सहज गुगल मॅप उघडला, तर निळा ठिपका आमच्या गल्लीत, अगदी पीजीच्या गेटवर. व्हीपीएन बंद पडला असं वाटून दोनदा जोडून बघितलं, तरी ठिपका तिथेच. कारण साधं आहे. मॅप जागा ठरवतो ती फोनच्या जीपीएसवरून आणि आजूबाजूच्या वाय-फाय नेटवर्कवरून. व्हीपीएन फक्त आयपी पत्ता बदलतो. ज्या ॲपला लोकेशनची परवानगी आहे, त्याला तुम्ही कोथरूडलाच दिसता.

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागली. थायरॉईडचा रिपोर्ट आला होता, टीएसएच वाढलेलं होतं, आणि मी रात्री लॅपटॉपवर व्हीपीएन लावून त्याबद्दल बरंच शोधलं. सकाळी फोनवर थायरॉईडवरच्या आहाराचे व्हिडिओ समोर. फोनवर व्हीपीएन चालूही नव्हता. मग खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲक्टिव्हिटीचं पान उघडलं, तर रात्रीचा एकेक शोध वेळेसकट नोंदलेला होता. लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे मी एकाच ईमेलने लॉगिन होतो. किराणा दुकानात रोजचा रस्ता सोडून मागच्या गल्लीतून गेलं तरी वहीत उधारी आपल्याच नावावर लिहिली जाते, तसंच हे. लॉगिन केलंत की तुम्ही स्वतःच नाव सांगितलेलं असतं. आणि लॉगआउट झालात तरी ब्राउझरमध्ये वेबसाईटने ठेवलेल्या जुन्या खुणा, म्हणजे कुकीज, असतील तर वेबसाईट त्यावरून ओळखते. व्हीपीएन कुकीजना हातही लावत नाही.

मग मी लॉगिन नाही, कुकीज पुसलेल्या, खाजगी विंडो आणि ॲमस्टरडॅमचा सर्व्हर अशी तयारी करून बघितली. एका जाणकार सहकाऱ्याने क्रोममध्ये एफ१२ दाबून कन्सोलमध्ये एवढंच टाकायला सांगितलं:

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
```

उत्तर आलं `Asia/Calcutta`. म्हणजे आयपी नेदरलँड्सचा आणि घड्याळ भारताचं. ही एक ओळ कुठलीही वेबसाईट आपल्याला न विचारता चालवू शकते. असंच तिला स्क्रीनचा आकार कळतो, ब्राउझरची भाषा कळते, कोणते फॉन्ट बसवले आहेत याचा अंदाज घेता येतो, ग्राफिक्स कार्ड चित्र कसं काढतं तेही तपासता येतं. यातली एकेक गोष्ट लाखो लोकांची सारखी असते. सगळ्या एकत्र केल्या की संच बऱ्याचदा एकाच माणसाचा उरतो. याला ब्राउझर फिंगरप्रिंट म्हणतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची कव्हर युवर ट्रॅक्स नावाची मोफत चाचणी आहे, ती जरूर करून बघा. मी व्हीपीएन लावून आणि काढून दोन्ही वेळा केली, माझा ठसा दोन्ही वेळा इतरांपेक्षा वेगळा उठून दिसला. टॉर ब्राउझर याच्यावर उपाय करतो, तो सगळ्यांचं घड्याळ यूटीसी दाखवतो आणि खिडकीचे आकारही ठरावीक टप्प्यांतच सांगतो, म्हणजे वापरणारे शक्य तितके सारखे दिसावेत. व्हीपीएनचं ते कामच नाही.

आता गळतीबद्दल, कारण इथे व्हीपीएन त्याचं स्वतःचं कामही अर्धवट करत होता. एकदा पीजीचं नेट गेलं म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवर काम करत होतो. ipleak.net हे गळती तपासणारं पान उघडलं. वर सिंगापूरचा आयपी होता, आणि त्याच्याच खाली एक लांबलचक, नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ पत्ता, समोर माझ्या मोबाईल कंपनीचं नाव. ॲप फक्त जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ ची वाहतूक व्हीपीएनच्या कुलूपबंद बोगद्यातून नेत होतं, आयपीव्ही६ ची बाहेरून चालली होती. आपल्याकडे मोबाईल नेटवर आयपीव्ही६ सर्रास असतं, म्हणून हे तपासाच. आधी व्हीपीएन बंद ठेवून ते पान उघडा आणि आपले पत्ते लिहून घ्या. मग व्हीपीएन चालू करून पुन्हा उघडा. आधीचा एकही पत्ता दिसता कामा नये, आणि डीएनएसच्या, म्हणजे वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या, यादीतही आपल्या इंटरनेट कंपनीचं नाव नको. मला सेटिंगमध्ये आयपीव्ही६ बंद करण्याचा पर्याय सापडला. तिथेच व्हीपीएन तुटला की नेटच थांबवणारा किल स्विचही होता, मुळात बंद असलेला. तो चालू नसेल तर लॅपटॉप झोपेतून उठल्यावर व्हीपीएन जोडला जाईपर्यंत सगळं उघड्यावरून जातं.

आणि व्हीपीएन कंपनीला काय दिसतं? जे आधी इंटरनेट कंपनीला दिसायचं ते सगळं. तुमचा खरा आयपी, कोणत्या सर्व्हरशी कधी जोडलात, शिवाय पैसे कार्डाने भरले असतील तर नावही. भरवसा एकाकडून काढून दुसऱ्यावर टाकला, एवढाच फरक. 2011 साली सोनी पिक्चर्सच्या वेबसाईटवरच्या हल्ल्यातला एक तरुण ब्रिटनमधली एक व्हीपीएन सेवा वापरत होता. कोर्टाचा आदेश आल्यावर त्या कंपनीने आपल्याकडच्या नोंदी दिल्या आणि तो पकडला गेला. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी वगैरे माहिती 5 वर्षं किंवा जास्त ठेवायची आहे. म्हणून काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. त्यामुळे यादीत "भारत" दिसलं तरी तो सर्व्हर प्रत्यक्षात दुसऱ्या देशात असू शकतो. घेण्याआधी "लॉग ठेवत नाही" या वाक्यावर थांबू नका, बाहेरच्या कुणी तपासणी करून अहवाल प्रसिद्ध केला आहे का ते बघा. फुकटच्या व्हीपीएनबद्दल तर मी जास्तच सावध राहीन, त्यांचा खर्च कुठून निघतो हे आधी समजून घ्या.

मग पैसे वाया गेले का? नाही. ज्यासाठी घेतला ते काम तो चोख करतो. मालकांच्या राउटरला आता एकच सर्व्हर दिसतो आणि किती डेटा गेला तेवढं कळतं. व्हीपीएन नव्हता तेव्हाही एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर त्यांना वाचता येत नव्हता, पण कोणत्या वेबसाईट उघडल्या त्यांची नावं दिसू शकत होती. ती आता दिसत नाहीत. स्टेशनवरच्या, कॅफेतल्या वाय-फायवरही मी तो लावतो. वेग थोडा कमी होतो, तेवढं चालतं. बँकेच्या साईटवर मात्र परदेशी आयपी बघून एकदा लॉगिन अडलं होतं, तेव्हापासून तिथे बंद करतो.

वर्ष संपल्यावर मी पुन्हा पैसे भरणार आहे. फक्त तब्येतीचं काही शोधायचं असलं की आता वेगळा ब्राउझर उघडतो. त्यात कोणतंच खातं जोडलेलं नाही आणि बंद केला की कुकीज पुसल्या जातात. टीएसएचचा पुढचा रिपोर्ट आला तेव्हा त्यातच वाचलं. खात्याच्या ॲक्टिव्हिटीच्या पानावर त्या रात्रीची एकही नोंद नव्हती.