गाडी चालवायला फ्लोटर की कॅनव्हासचे बूट?

पुतण्याने जुनी कार घेतली आणि विचारलं, "काका, पावसाळ्यात पायात काय घालू? फ्लोटर की कॅनव्हास?" मी दोन्ही वापरले आहेत.

वावरात जायला फ्लोटरला तोड नाही. काळी माती लागली की मोटरच्या धारेखाली धरायचे, झालं. कॅनव्हास भिजले तर दोन दिवस वाळत नाहीत. स्लिपर मात्र कारमध्ये नकोच. टाच मोकळी असते, पाय उचलताना स्लिपर निसटते आणि ब्रेकखाली जाऊन बसली तर पॅडल पूर्ण दाबलंच जात नाही. मागे पट्टा असल्यामुळे फ्लोटरला ती भीती कमी.

तरी मी कारपुरते फ्लोटर सोडले, ते एका गोष्टीपायी. माझ्या फ्लोटरचा सोल बोटांच्या पुढे बोटभर निघालेला होता. आर्वी रोडवर दिवस मावळताना तुरीतून रोही आडवा आला. वेग पन्नासच्या आसपास. एक्सिलरेटरवरून पाय ब्रेककडे नेला, तर सोलची पुढची कड ब्रेकच्या पॅडलखाली अडकली. पाय मागे ओढून पुन्हा ठेवावा लागला. रोही निघून गेला म्हणून बरं. पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. अर्धा सेकंद गेला तरी ७ मीटर गेलेच.

टाचेचंही तसंच. आपण टाच खाली टेकवून, तिच्यावरच पंजा ब्रेक-एक्सिलरेटरमध्ये फिरवतो. टाच जाड असली की पंजा पॅडलवर नेहमीपेक्षा वर पडतो आणि घोटा अवघडतो. सोल जाड आणि मऊ असेल तर क्लच नेमका कुठे धरतो ते पायाला कळत नाही. बाजाराच्या दिवशी बैलगाडीमागे हळूहळू सरकताना माझी गाडी त्यामुळेच सारखी बंद पडायची. कॅनव्हासचा सोल सपाट, साधारण एक सेंटीमीटरचा. त्यात क्लच उचलायला लागल्याचं तळव्याला लगेच जाणवतं. अगदीच पातळ सोलही नको, नागपूरपर्यंत जाईस्तोवर पॅडल तळव्याला रुततं.

बिनगिअरच्या स्कूटरला पायाचा ब्रेकच नाही, तिथे पट्टा घट्ट असेल तर फ्लोटर चालतील असं मला वाटतं. स्लिपर तिथेही नको. चिखलात थांबताना पाय टेकवला की ती मातीतच चिकटून राहते, पाय मोकळा वर येतो आणि गाडी त्याच बाजूला कलते.

प्रत्येकाच्या पायाची ठेवण वेगळी, म्हणून घेण्याआधी बंद गाडीत बसून बघ. टाच ब्रेकच्या समोर टेकव आणि पंजा दहा वेळा इकडून तिकडे फिरव. एकदा जरी कड लागली तर तो जोड राहू दे. मी आता फ्लोटर घालूनच वावरात जातो आणि गाडीशी आल्यावर बूट बदलतो. चिखलाचे फ्लोटर मात्र माझ्या सीटखाली नाही, डाव्या सीटच्या पायाशी ठेवतो. सीटखालून घसरत पुढे आले तर तेही ब्रेकखालीच जातील.