ओटीपी आपोआप भरतो, बाकीचे मेसेज न वाचता: एसएमएस रिट्रीव्हरचा वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका घाऊक पेढीचं ऑर्डरचं ॲप मी सांभाळतो. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटचे दुकानदार त्यावर लॉगिन करतात. मेसेज वाचायची परवानगी मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "अहो, मग माझे बँकेचे मेसेजही तुम्हाला दिसणार का?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही अँड्रॉइडवर ओटीपीचा मेसेज ॲपपर्यंत पोचवणारी गुगलची सोय, म्हणजे एसएमएस रिट्रीव्हर, घेतला आणि कित्येक महिने तोच वापरतोय.

यात `READ_SMS` लागतच नाही. ॲप `startSmsRetriever()` म्हणतं, मग गुगल प्ले सर्व्हिसेस जास्तीत जास्त 5 मिनिटं वाट बघते. ज्याच्या शेवटी आपल्या ॲपची ओळख सांगणारा 11 अक्षरी हॅश आहे असा मेसेज आला, की तेवढाच ॲपच्या हातात पडतो. येणारे मेसेज प्ले सर्व्हिसेस तपासते, ॲप नाही. दुकानदारांनाही मी हे असंच सांगतो.

मेसेज साधारण असा:

```
482913 हा तुमचा लॉगिन कोड आहे.
FA+9qCX9VSu
```

मर्यादा 140 बाइटची आहे. मराठी अक्षरं जास्त जागा खातात, त्यामुळे नमस्कार-चमत्कार घालायला वाव नाही.

खरी मेख त्या हॅशमध्ये आहे. तो पॅकेजचं नाव आणि सही करणाऱ्या सर्टिफिकेटवरून निघतो. म्हणजे डीबग बिल्डचा वेगळा, आपण सही केलेल्या बिल्डचा वेगळा. प्ले ॲप सायनिंग चालू असेल तर गुगल स्वतःच्या ताब्यातल्या किल्लीने पुन्हा सही करतं, म्हणून स्टोअरवरून उतरवलेल्या ॲपचा आणखी तिसराच. लक्षण ओळखायला सोपं आहे: ऑफिसच्या फोनवर कोड भरतो, दुकानदाराकडे मेसेज वेळेत पोचतो पण चौकट रिकामीच राहते आणि 5 मिनिटांनी `TIMEOUT` येतो. कुठेही एरर दिसत नाही. अशा वेळी नेटवर्कला दोष देत बसू नका. ॲप इंटर्नल टेस्टिंगमधून फोनवर घ्या, हॅश तिथेच काढा आणि मेसेजमधल्या हॅशशी अक्षरन्‌ अक्षर ताडून बघा. हॅश काढणारा कोड मात्र नंतर ॲपमधून काढून टाका.

आपल्याकडे याला डीएलटीची, म्हणजे कंपन्यांच्या मेसेजचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यायच्या व्यवस्थेची, जोड आहे. आमच्या टेम्प्लेटमध्ये हॅश पक्का मजकूर म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे हॅश बदलला की टेम्प्लेट पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं. म्हणून स्टोअरचा हॅश हाती आल्याशिवाय मी टेम्प्लेट भरतच नाही.

एवढी काळजी घेतली की काम चोख होतं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मेसेज उघडून कोड पाठ करत परत यावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. प्ले सर्व्हिसेस नसलेल्या फोनवर हे चालत नाही, आणि कधी मेसेजच 5 मिनिटांनंतर येतो. त्यामुळे कोड हाताने टाकायची सोय आम्ही कायम ठेवली आहे.