पंचाहत्तर हजारांचं बूटकॅम्प की अठरा हजारांची शिकवणी?

मे महिन्याच्या शेवटी देवरुखहून ताईचा फोन आला. आंब्याच्या पेट्यांचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि भाच्याला एथिकल हॅकिंग शिकायचं होतं. त्याच्यासमोर दोन पर्याय होते. मी गेली काही वर्षं वेबसाइटच्या सुरक्षा तपासणीचंच काम करतो, म्हणून दोन्हींची माहितीपत्रकं घेऊन बसलो.

पहिला पर्याय रत्नागिरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमधला: आठ शनिवार-रविवार, रोज चार तास, म्हणजे 64 तास. फी 64,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 75,520 रुपये. तासाला 1,180 पडले, आणि हॉलमध्ये पंचेचाळीस मुलं. दुसरा, पुण्यात नोकरी करणारा एक जण संध्याकाळी ऑनलाइन शिकवतो तो: बारा आठवडे, 48 तास, बारा मुलं, 18,000 रुपये. तासाला 375. पण नुसत्या स्वस्ताईवर जाऊ नये. स्वस्तात रद्दी विकणारेही पुष्कळ आहेत.

ताईचा कल पहिल्याकडे होता, कारण तिथे ‘पाच आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटं’ मिळणार होती. ती एकेक करून पाहिली. एकावर आयएसओ 9001 चा शिक्का होता. हे मानक संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल आहे, मुलाला काय येतं याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्यावर ‘सरकारमान्य’ म्हणून उद्यम नोंदणीचा क्रमांक होता. ती नोंदणी पापडाच्या घरगुती उद्योगालाही ऑनलाइन, फुकट मिळते. दोन कागद त्यांचे स्वतःचेच होते, फक्त नाव इंग्रजीत भारदस्त. पाचव्यावर सीईएच, म्हणजे ‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’, लिहिलेलं होतं. ही परीक्षा खरी आहे, इसी-काउन्सिल घेते: 125 बहुपर्यायी प्रश्न, चार तास. मी भाच्याला फोन करून विचारायला लावलं, ‘परीक्षेचं व्हाउचर फीमध्ये आहे का, आणि तसं पावतीवर लिहून द्याल का?’ उत्तर आलं, ‘सर, आम्ही सीईएचची तयारी करून घेतो.’ म्हणजे परीक्षेचा खर्च वेगळा, आणि मिळणारा कागद त्यांच्याच वर्गाच्या हजेरीचा.

नमुन्याच्या सर्टिफिकेटवर क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला तर त्यांच्याच वेबसाइटचं पडताळणीचं पान उघडलं. तिथे मी मनाने रचलेला एक नंबर टाकला. हिरवी टिक आली: ‘व्हेरिफाइड’! ज्याची परीक्षा, त्याच्याच वेबसाइटवर पडताळणी झाली तर तिला अर्थ. त्यातही पत्ता स्वतः टाइप करून जावं, कोडवर विसंबू नये.

पुण्याच्या माणसाने सर्टिफिकेटचं नावच काढलं नाही. ताईला तेच खटकलं.

मग दोघांनाही फुकटच्या डेमो तासात भाच्याने एकच प्रश्न विचारला. लॉगिन केल्यावर माझी पावती या पत्त्यावर दिसते:

```
/pavti?id=1043
```

सरावाच्या साइटवर 1044 टाकलं आणि दुसऱ्याची पावती उघडली, तर चूक कुठे आहे आणि दुरुस्ती काय?

हॉलमधल्या सरांनी सांगितलं, स्कॅनर, म्हणजे साइटमधले दोष आपोआप शोधणारं सॉफ्टवेअर, चालवायचा, तो सगळं शोधून देतो. इथेच खरं-खोटं कळतं, कारण ही चूक स्कॅनरच्या हातून बहुतेक वेळा निसटते. त्याच्या दृष्टीने पान नीट उघडलं. ती पावती कोणाची, हे त्याला कसं कळणार? पुण्याच्या माणसाने आधी दोन खाती उघडायला लावली, एकाची पावती दुसऱ्या खात्यातून मागवून दाखवली, मग म्हणाला, ‘नंबर लांबलचक करून भागत नाही. पावती देण्याआधी ती मागणाऱ्याचीच आहे का, हे सर्व्हरने दर वेळी तपासायला हवं.’ शेवटी त्या दोषावर अर्ध्या पानाचा अहवाल लिहायला दिला. या धंद्यात गिऱ्हाईक पैसे देतं ते अहवालासाठी. ओएससीपीसारख्या हॅकिंगच्या प्रत्यक्ष परीक्षेतही पावणेचोवीस तास परीक्षेच्या संगणकांत घुसून दाखवल्यावर अहवालासाठी आणखी चोवीस तास देतात ते त्यासाठीच.

आता हप्त्यांबद्दल. रत्नागिरीवाले ‘नो कॉस्ट ईएमआय’ देत होते. ती संस्थेची सवलत नसते, विद्यार्थ्याच्या नावावरचं कर्ज असतं. फायनान्स कंपनी संस्थेला पैसे देऊन मोकळी होते. वर्ग मध्येच बंद पडला तरी हप्ता आपल्या खात्यातून जात राहतो. सही करायचीच असेल तर आधी कर्जाच्या अटी आणि खर्च एकत्र सांगणारा कागद, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, मागावा आणि कर्ज रद्द करायला किती दिवस मिळतात ते त्यात वाचावं.

दुसऱ्या पर्यायातही खोट आहेच. देवरुखात जुलैत वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग मिळेल असं मेलवर लिहून घेतलं. भाच्याच्या लॅपटॉपची रॅम 8 जीबी होती. सरावासाठी लॅपटॉपच्या आतच दोन आभासी संगणक एकदम चालवताना तो रडतो, म्हणून ती 16 केली. पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी ही ऑनलाइन सरावाची साइट फुकट आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधी तिथले दहा लॅब सोडवून बघ, जमलं नाही तर अठरा हजारही वाचतील, असं त्याला सांगितलंय. काल रात्रीपर्यंत सहा झाले होते.