लिंक पडायच्या आधी कळावं म्हणून: लिब्रेएनएमएसवरचे आठ महिने

गड्ड्याची जत्रा उरकली आणि जानेवारीच्या शेवटी आम्ही आमच्या नेटवर्कवर लिब्रेएनएमएस हे यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. सोलापुरात आमची छोटी इंटरनेट सेवा आहे. सात रस्त्याजवळ मुख्य ऑफिस, जुळे सोलापूर, होटगी रोड आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी अशा ठिकाणी आमचे पॉइंट, आणि रात्रपाळीला दोन ऑपरेटर. तोवर आमच्याकडे फक्त पिंगची पाटी होती. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. लाल दिसेपर्यंत टॉवेल कारखान्यांचे फोन सुरूही झालेले असायचे.

बसवायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक राउटर आणि स्विचवर एसएनएमपी, म्हणजे यंत्राला त्याचे आकडे विचारायची सोय, चालू केलं, १६१ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट फक्त आमच्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी उघडा ठेवला, आणि जिथे यंत्राला जमलं तिथे व्हर्जन ३ वापरलं. व्हर्जन २सी मध्ये कम्युनिटीचा शब्द वायरवरून उघडाच जातो, म्हणून जुन्या स्विचांना वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये टाकलं. सर्व्हर दर ५ मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारून आकडे जमा करतो. ग्राफ दुसऱ्याच दिवशी दिसायला लागले. अलर्ट नीट बसायला मात्र दोन महिने गेले, आणि सांगण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे.

पहिली चूक एररच्या आकड्यांची. पोर्टवरच्या एरर १०० च्या वर गेल्या की मेसेज, असा नियम लावला. पहिल्या रात्री ऑपरेटरचा फोन वाजतच राहिला. हा आकडा यंत्र चालू झाल्यापासूनची एकूण बेरीज असतो, तो आपोआप खाली येत नाही. कधीकाळी खराब पॅचकॉर्डमुळे एरर आलेला पोर्ट, पॅचकॉर्ड बदलून वर्ष झालं तरी, त्या नियमाला आजारीच दिसतो. मग एकूण आकडा सोडला आणि दोन वाचनांमधल्या फरकावर, म्हणजे `ifInErrors_rate` वर नियम लावला. तेव्हा कुठे रात्र शांत झाली.

पण फायबरच्या लिंकवर एररचा अलर्टही उशिराच येतो. १० जी च्या ऑप्टिकल लिंकवर प्रकाश कमी होत गेला तरी बराच काळ एकही एरर येत नाही. मॉड्यूलची झेलायची मर्यादा जवळ आली की एरर एकदम उसळतात, आणि थोड्याच वेळात लिंक बसते. म्हणून आधी कळायचं असेल तर मॉड्यूलला किती प्रकाश मिळतोय ते बघावं लागतं. एसएफपी प्लस मॉड्यूल हा आकडा डीबीएममध्ये देतं आणि एसएनएमपीवर तो वाचता येतो.

इथे आमची दुसरी चूक झाली. १० किलोमीटरच्या एलआर मॉड्यूलची मिळणाऱ्या प्रकाशाची खालची मर्यादा मायनस १४.४ डीबीएम आहे, म्हणून आम्ही सगळ्या लिंकना मायनस १३ ला अलर्ट ठेवला. कागदावर ते बरोबर वाटतं. पण मायनस ६ वर चालणारी लिंक मायनस १२ वर आली तर तिचा तीन चतुर्थांश प्रकाश वाटेत गेलेला असतो, आणि आमचा अलर्ट गप्पच. शिवाय मॉड्यूल स्वतःची पॉवर मोजताना ३ डीबीपर्यंत चुकलं तरी ते मानकात बसतं. म्हणजे तो आकडा तंतोतंत खरा मानता येत नाही. मात्र तेच मॉड्यूल काल काय म्हणत होतं आणि आज काय म्हणतंय, यातला फरक भरवशाचा असतो. म्हणून प्रत्येक लिंकचा दोन आठवड्यांचा ग्राफ बघून तिची नेहमीची पातळी ठरवली. त्याखाली २ डीबीला पिवळा इशारा, साडेतीन डीबीला लाल. यंत्राच्या पानावर हेल्थच्या सेटिंगमध्ये प्रत्येक सेन्सरला या मर्यादा हाताने भरता येतात. नियम एवढाच:

```
sensors.sensor_class = "dbm" AND
sensors.sensor_current < sensors.sensor_limit_low_warn AND
macros.device_up = 1
```

सोबत १० मिनिटांचा डिले ठेवला, म्हणजे एखाद्या चुकार वाचनावर फोन वाजत नाही. चाळीसेक सेन्सरना मर्यादा भरायला दोन संध्याकाळी गेल्या. त्या कामाची किंमत मे महिन्यात कळली.

एमआयडीसीची आमची लिंक साधारण साडेसहा किलोमीटरची, नेहमीची पातळी मायनस ६.४. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पावणेदोनला पिवळा इशारा आला, मायनस ८.६. सात वाजता तो आपोआप मिटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर म्हणाला, "सर, एमआयडीसीची लाईन दुपारी पिवळी होते आणि संध्याकाळी बरी होते. सेन्सरच खराब असंल, बंद करू का?" मी म्हटलं, थांबा, आठवड्याचा ग्राफ उघडा की. त्यात करवतीसारखे दात दिसत होते. रोज दुपारी खाली, रात्री वर, आणि प्रत्येक दात आदल्या दिवसापेक्षा थोडा खोल. पिंग या सगळ्या काळात हिरवंच होतं आणि एरर शून्य.

पहिला संशय उन्हाचा, की कॅबिनेट तापून मॉड्यूलच कमी प्रकाश सोडत असेल. पण पलीकडच्या टोकाची पाठवायची पॉवर दिवसभर सपाट होती. मग उलट दिशा बघितली. दोन्ही टोकांना मिळणारा प्रकाश एकाच वेळी उतरत होता. एका मॉड्यूलचा किंवा एका मळक्या कनेक्टरचा दोष असता तर एकच दिशा बिघडली असती. दोन्ही कोर एकत्र जातात ती जागा म्हणजे केबल किंवा जॉइंट बॉक्स.

रात्री २ वाजता ट्रॅफिक रिंगच्या दुसऱ्या बाजूला वळवून ओटीडीआर लावला, म्हणजे फायबरमध्ये किती अंतरावर प्रकाश गळतोय ते दाखवणारं यंत्र. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर ४.१ किलोमीटरपाशी जेमतेम ०.५ डीबीची पायरी दिसली. जॉइंटवाले दादा म्हणाले, एवढं चालतं. त्यांना म्हटलं, १५५० वर एकदा बघा. तिथे तीच पायरी अडीच डीबीच्या पुढे होती. फायबर अरुंद वळणात अडकली असेल तर लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. जॉइंट नुसता वाईट लागला असता तर दोन्हीकडे साधारण सारखाच तोटा दिसला असता. सकाळी खांबावरचा बॉक्स उघडला, तर केबल आत आवळलेलीच नव्हती. उन्हात ती सरकून फायबर ट्रेच्या कडेला ओढली गेली होती, आणि वळण अंगठ्याच्या नखाएवढं झालं होतं. केबल नीट आवळली, फायबरचे वेढे सैल करून पुन्हा बसवले. त्या दुपारी ४३ अंशांत आकडा मायनस ६.५ राहिला. जुन्या पाटीवर ही लिंक जूनच्या आधीच एखाद्या दुपारी लाल झाली असती, आणि भर उन्हात साडेसहा किलोमीटर शोधत फिरावं लागलं असतं.

त्यानंतर एक शिस्त लावली. पिवळा इशारा आपोआप मिटला तरी सकाळी त्या लिंकचा ग्राफ बघितल्याशिवाय ऑपरेटरने नोंद बंद करायची नाही.

उणिवाही आहेत. दोन वाचनांच्या मधे २० सेकंद पडून उठलेली लिंक या पोलिंगला दिसत नाही, कारण दोन्ही वेळा पोर्ट चालूच सापडतो. त्यासाठी यंत्रांचे सिसलॉग, म्हणजे यंत्र स्वतः पाठवतं त्या घडामोडींच्या नोंदी, त्याच सर्व्हरवर घ्यावे लागले. जेसीबीने केबल तोडली तर आधी इशारा मिळत नाही, तिथे रिंगच कामाला येते. स्वस्तातली काही मॉड्यूल प्रकाशाचा आकडा देतच नाहीत. आमच्या होटगी रोडच्या दोन लिंक अजून तशाच आंधळ्या आहेत, त्यांची मॉड्यूल दिवाळीआधी बदलतोय.