कर्मचारी सभेचे इतिवृत्त: क्रमवार लिहावे की विषयवार?

कर्मचाऱ्यांची सर्वसाधारण सभा, म्हणजे हल्ली ज्याला टाऊनहॉल म्हणतात ती, संपल्यावर इतिवृत्ताचे काम ज्याच्याकडे येते त्याला पहिल्याच दिवशी एक निर्णय घ्यावा लागतो. प्रश्न ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने लिहावेत, की ते विषयानुसार एकत्र करून व्यवस्थापनाने दिलेल्या आश्वासनांची वेगळी नोंद करावी? रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी हे काम दोन्ही पद्धतींनी केले आहे. शब्दन् शब्द उतरवण्याचा तिसरा मार्गही असतो, पण समोर रेकॉर्डिंग चालू आहे हे दिसले की पीलिंग विभागातल्या बायका बोलायच्या थांबतात, म्हणून तो मी इथे विचारात घेतलेला नाही.

ज्या सभेच्या आधारे ही तुलना करतो आहे ती जुलैच्या अखेरीस झाली होती. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात माल कमी येतो आणि पाळ्या घटतात, त्यामुळे लोकांच्या मनात बरेच साचलेले असते. त्या दिवशी 23 प्रश्न आले. क्रमवार लिहिल्यावर ते सहा पाने झाले आणि बसचा विषय त्यात चार वेगवेगळ्या ठिकाणी विखुरला गेला. प्लांट हेडनी नेमके काय कबूल केले हे शोधायला वाचणाऱ्याला सगळी पाने चाळावी लागत होती, आणि सूचनाफलकापुढे उभे राहून सहा पाने कोणी चाळत नाही.

विषयवार मांडणीत हेच प्रश्न वेतन व जादा काम, वाहतूक, सुट्ट्या, कॅन्टीन आणि सुरक्षा अशा पाच गटांत बसले. कामगाराला आपला विषय लगेच सापडतो आणि व्यवस्थापनालाही एकाच विषयावर किती जणांनी विचारले ते दिसते. मात्र या पद्धतीतला मोठा धोका मी स्वतःच ओढवून घेतला होता. हातखंब्याकडून येणाऱ्यांचे म्हणणे होते की सकाळची गाडी उशिरा येते आणि हजेरीत त्यांचा खाडा लागतो. गोळपच्या बायकांचे म्हणणे वेगळे होते. रात्री दहाला सुटणारी पाळी संपल्यावर गाडी त्यांना भाट्याच्या पुलापाशी सोडते आणि पुढचे अंतर त्यांना अंधारात, पावसात चालावे लागते. मी दोन्ही प्रश्न ‘बससेवेबाबत तक्रारी’ या एका ओळीत घातले आणि पुढे ‘ठेकेदाराला वेळ पाळण्यास सांगितले जाईल’ असे उत्तर लिहिले. ते उत्तर फक्त हातखंब्याच्या प्रश्नाला होते. इतिवृत्त लागल्यावर गोळपची एक ताई माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “साहेब, आमचा प्रश्न यात नाहीच.” तिचे बरोबर होते.

त्यानंतर मी प्रत्येक प्रश्नाला सभेतला मूळ क्रमांक देऊ लागलो आणि विषयवार मांडणीतही तो क्रमांक तसाच ठेवला. सर्व गटांतले क्रमांक एकत्र लावले की 1 ते 23 पूर्ण भरले पाहिजेत. मधला एखादा गायब असेल तर प्रश्न गिळला गेला आहे, आणि दोन क्रमांकांपुढे एकच उत्तर असेल तर ते खरोखर दोघांना दिले होते का, हे टिपणांवरून तपासावे लागते. एखादा प्रश्न दोन गटांत बसत असेल तर तो एका ठिकाणी पूर्ण लिहावा आणि दुसरीकडे फक्त त्याचा क्रमांक द्यावा. बंदीच्या काळात बसून राहिलेले दिवस भरपगारी रजेसाठी धरणार का, हा प्रश्न असाच होता. त्या वेळी लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 मध्ये या रजेसाठी वर्षाला 240 दिवस कामाची अट होती, म्हणून मी तो सुट्ट्यांच्या गटात घेतला आणि वेतनाच्या गटात क्रमांक लिहिला.

क्रमवार पद्धत जिथे निर्विवाद सरस ठरते ती जागा म्हणजे सभेच्या ओघात बदललेले उत्तर. चौथ्या प्रश्नाला जादा कामाचे पैसे थकलेले नाहीत असे सांगितले गेले, आणि सतराव्या प्रश्नाला लेखा विभागाने मे महिन्याचा दुप्पट दराचा फरक द्यायचा राहिला असल्याचे मान्य केले. विषयवार लिहिताना फक्त शेवटचे उत्तर ठेवण्याचा मोह होतो, पण तसे केले की उत्तर बदलले ही गोष्टच पुसली जाते आणि पुढे वाद झाला तर दोन्ही बाजूंना आधार उरत नाही. म्हणून दोन्ही उत्तरे क्रमांकांसह एकाखाली एक लिहावीत.

आश्वासनांच्या नोंदीत फरक सर्वात ठळक दिसतो. गोळपच्या प्रश्नावर प्लांट हेडचे शब्द होते, “गणपतीपूर्वी गाडीचं बघतो.” क्रमवार इतिवृत्तात मी हे वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि तिथे ते प्रामाणिक होते. आश्वासनांच्या वेगळ्या यादीत मात्र ते चालत नाही, कारण त्यात काम कोणते ते नाही आणि मुदतही पक्की नाही. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती आणि 2026 मध्ये 14 सप्टेंबरला येते, म्हणजे तोच शब्द एका वर्षात अठरा दिवस पुढे सरकतो. तरीही इतिवृत्त लिहिणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने तारीख घालू नये. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो आणि नोंद अशी झाली:

“प्रश्न 11. रात्रीच्या पाळीची गाडी गोळपपर्यंत नेण्याबाबत प्लांट हेड ठेकेदाराशी बोलतील आणि होकार वा नकार 14 ऑगस्टपर्यंत फलकावर लावतील. सभेत मुदत ‘गणपतीपूर्वी’ अशी सांगितली होती. तारीख सभेनंतर त्यांनी दिली.”

इथे कबूल झाले आहे ते निर्णय कळवणे, गाडी सुरू करणे नव्हे, आणि हा भेद नोंदीत स्पष्ट राहिला नाही तर पुढच्या सभेत फसवणुकीचा आरोप ठरलेला. ‘करतो’, ‘बघतो’ आणि ‘वर विचारतो’ या तीन शब्दांना एकाच रकान्यात बसवू नये. नकारही तितक्याच स्पष्टपणे लिहावा. कॅन्टीनचा दर कमी होणार नाही असे सांगितले असेल तर ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ असे लिहिणे ही त्या कामगाराची दिशाभूल आहे.

नावांच्या बाबतीत मी दोन्ही पद्धतींत विभाग आणि पाळी एवढेच लिहितो. एखाद्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातली चूक ही त्याची खाजगी बाब असते, त्यामुळे क्रमांकापुढे ‘वैयक्तिक, एचआरकडे सुपूर्द’ एवढेच पुरते.

सभेत आठ-दहाच प्रश्न आले असतील, किंवा वातावरण तापलेले असून कोण कधी काय म्हणाले यावरच पुढे बोट ठेवले जाण्याची शक्यता असेल, तर क्रमवारच लिहावे. प्रश्न वीसच्या पुढे गेले आणि त्यांतून कामे निघाली असतील तर मी मूळ क्रमांक ठेवून विषयवार लिहीन. मात्र त्याला किमान एक पूर्ण दिवस जास्त लागतो, कारण प्रत्येक आश्वासन देणाऱ्याला गाठून त्याची नोंद त्याच्यापुढे वाचावी लागते. तेवढा वेळ मिळणार नसेल तर क्रमवार मसुदा दुसऱ्याच दिवशी फलकावर लावावा, आणि आश्वासनांची यादी तारखा मिळाल्यावर त्याच्या शेजारी लावावी.