‘सीलिंगचा नकाशा उलटाच दिसतो’ असं सांगून मला समोरच्या फ्लॅटचा नकाशा विकला

घराचं वायरिंग सुरू करायच्या आधी मी एका इंटिरियरवाल्याकडून रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन करून घेतला. दिवे कुठे, पंखे कुठे, कोणत्या बटणावर काय लागणार, हे सगळं दाखवणारा छताचा नकाशा. मोजमाप आणि ड्रॉइंग दोन्हीचे पैसे त्याने आगाऊ घेतले. नकाशा हातात आला तेव्हा बेडरूममधलं कपाट मला उजव्या भिंतीला दिसलं. आमचं कपाट डावीकडे होणार होतं. दारही भलत्याच कोपऱ्यात होतं. मी लगेच विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, नावातच रिफ्लेक्टेड आहे. आरशातलं चित्र आहे हे, उलटंच दिसणार. वायरमनला कळतं ते.”

हे साफ खोटं होतं. मला ते माहीत नव्हतं आणि त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

रिफ्लेक्टेड म्हणजे काय, ते आता मला कळलंय. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत आरसा पसरला आहे असं समजा आणि वरून त्यात बघा. छत दिसेल, पण डावी भिंत डावीकडेच राहील आणि दारही जमिनीच्या नकाशात आहे तिथेच दिसेल. नकाशा असा काढतात तो मुद्दाम याच कारणासाठी, की छताचा कागद जमिनीच्या नकाशावर ठेवला की भिंतीवर भिंत बसावी. मान वर करून छताकडे बघत काढलं असतं तर चित्र उलटं झालं असतं. ते टाळायलाच आरशाची कल्पना आहे. म्हणजे ज्या शब्दाने नकाशा सुलटा राहतो, तोच शब्द वापरून त्याने मला उलटा नकाशा गळ्यात मारला.

आमच्या वायरमनलाही शंका आली होती. “ताई, दार इकडे दाखवलंय, आणि आहे तर तिकडे,” असं तो म्हणाला होता. मी त्याला इंटिरियरवाल्याचंच उत्तर ऐकवलं. मग त्याने डाव्या भिंतीपासून नकाशातली मापं धरली आणि काम उरकलं.

नुकसान कसं झालं, ते एका बेडरूमवरून सांगते, कारण मापं बघितल्याशिवाय ते लक्षात येत नाही. खोली डावीकडून उजवीकडे 360 सेंटीमीटर. डाव्या भिंतीला 60 सेंटीमीटर खोल कपाट, वर छतापर्यंत लॉफ्ट. म्हणजे मोकळी जागा उरली 300, आणि तिचा मध्य डाव्या भिंतीपासून 210 वर. पंखा तिथे हवा होता. नकाशात कपाट उजवीकडे असल्याने पंखा 150 वर दाखवला होता. बिल्डरने स्लॅबमध्ये सोडलेला हुक खोलीच्या बरोबर मध्ये, 180 वर. नकाशात तो हुक कुठेच नव्हता. वायरमनने स्लॅबला नवं भोक पाडून अँकरने दुसरा हुक बसवला आणि पंखा 150 वर टांगला.

सुताराने कपाट उभं केलं आणि लॉफ्टचं दार उघडायला गेला, तर ते पंख्याच्या पात्याला टेकलं. पंखा नेहमीचा 1200 मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक 60 सेंटीमीटर. 150 मधून 60 गेले, टोक आलं 90 वर. लॉफ्टचं दार 45 रुंद, कपाटाच्या तोंडापासून उघडलं की 105 पर्यंत येतं. उंचीही नेमकी तीच. पंखा बंद होता म्हणून निभावलं. तो फिरत असताना कुणी स्टुलावर चढून ते दार उघडलं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

मग पंखा 210 वर हलवला. परत स्लॅबला भोक, परत हुक, कारण पंख्याचं वजन फॉल्स सीलिंगच्या पत्र्यावर कधीच टाकायचं नसतं. रात्री दिवे लावले तर अख्खी खोली लुकलुकायला लागली. कपाटासमोर म्हणून नकाशात तीन डाउनलाइट एका ओळीत 255 वर होते. नकाशातल्या पंख्यापासून मधला दिवा 105 सेंटीमीटर दूर, म्हणजे पात्याच्या बाहेर 45. त्या घरासाठी ते अगदी बरोबर होतं. आमचा पंखा 210 वर आल्यावर मात्र तोच दिवा पंख्याच्या मध्यापासून 45 वर, थेट पात्यांच्या डोक्यावर आला. पातं आडवं गेलं की उजेड कापला जातो, आणि ती थरथर पाच मिनिटंही सहन होत नाही.

दाराजवळचा स्विचबोर्डही तसाच फसला. आमचं दार उजव्या कोपऱ्यात, बिजागरी कोपऱ्याच्या बाजूला, म्हणून बोर्ड चौकटीच्या डाव्या अंगाला हवा. नकाशातलं दार डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे बोर्ड चौकटीच्या उजव्या अंगाला. वायरमनने उजवीकडे झिरी मारून बॉक्स बसवला. आता दार उघडलं की बोर्ड दाराच्या मागे जातो. अंधारात आत शिरायचं, दार परत लोटायचं आणि मग मागे हात घालून बटण शोधायचं.

त्या रात्री मी बिल्डरचा नकाशा आणि हा सीलिंगचा नकाशा काढला. दोन्ही एकाच स्केलवर छापून आणले आणि सकाळी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. एकही दार जुळेना. मग वरचा कागद सहज पालथा केला. दारं, खिडक्या, संडासाची शाफ्ट, सगळं रेघेवर रेघ बसलं. आमच्या मजल्यावरचे समोरासमोरचे फ्लॅट एकमेकांचे आरसे आहेत. समोरच्यांचं काम त्यानेच केलं होतं. त्यांचाच नकाशा वरचं नाव बदलून त्याने मला दिला होता. आमच्या घरात टेप घेऊन तो कधी आलाच नव्हता. हुक नकाशात नव्हता, त्याचं कारण हेच.

नकाशातली अक्षरं सुलटी आहेत म्हणून विश्वास ठेवू नका. नकाशे काढायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये MIRRTEXT ही सेटिंग 0 असली की सगळं चित्र उलटं करूनही अक्षरं सरळच राहतात. मला जास्त राग याचा आला, की त्याने चित्र उलटं करणारी MIRROR ही एक कमांड दिली असती तरी निदान दारं आणि कपाट जागेवर आलं असतं. तेवढेही कष्ट त्याने घेतले नाहीत. फोन केला तर म्हणाला, “साइटवर ॲडजस्ट करायचं असतं.” नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

दुसऱ्यांदा मी नकाशा दुसऱ्याकडून करून घेतला. आधी त्याच्याकडून प्रत्येक हुक आणि बीम दोन भिंतींपासून मोजून कागदावर घेतला. नंतर शेवटचे पैसे देण्याआधी पंखे, दिवे, बोर्ड, कपाटं आणि दारांची उघडझाप हे सगळं त्याच खोलीत जमिनीवर खडूने आखायला लावलं. छताचा नकाशा जमिनीशी जुळतो, म्हणून हे करता येतं. खडूच्या खुणेवर लेझर ठेवला की बिंदू सरळ वर छतावर पडतो, तिथेच भोक. खडूच्या वर्तुळात उभं राहून लॉफ्टचं दार कुठवर येईल ते मी स्वतः मोजलं. कपाटासमोरचे तिन्ही दिवे आता 105 वर आहेत. 255 वरची जुनी भोकं बुजवून रंग दिलाय, पण संध्याकाळी तिरपा उजेड पडला की तीन गोल अजूनही दिसतात.