पापण्यांच्या कडेवरील खपल्या: बेबी शाम्पू, तयार वाइप्स की टी ट्री?

सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असणे, केसांच्या मुळाशी पिवळसर किंवा पांढऱ्या खपल्या दिसणे आणि दिवसभर पापण्यांच्या कडेला खाज सुटणे हे ब्लेफरायटिसचे नेहमीचे रूप आहे. हा आजार बहुधा कायमचा बरा होत नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. त्यामुळे साफसफाईची पद्धत निवडताना ती पाच-सहा महिन्यांनंतरही रोज करता येईल का, हे आधी पाहावे लागते. फोंड्याला आमच्या घरी आईसाठी गेल्या वर्षभरात आम्ही तीन पद्धती वापरल्या: पातळ केलेला बेबी शाम्पू, औषधाच्या दुकानात मिळणारे पापण्यांचे तयार वाइप्स आणि टी ट्री तेलाचा अंश असलेले वाइप्स. यांपैकी एक निवडू पाहणाऱ्यांसाठी त्या अनुभवासह हा आढावा देत आहे.

निवड करण्याआधी खपली नीट पाहावी, कारण पुढचे बरेचसे तिच्यावरच ठरते. खपली तेलकट, मऊ, डोक्यातील कोंड्यासारखी असेल आणि डोक्यातही कोंडा असेल, तर पापण्यांबरोबर डोक्याच्या त्वचेवरही उपचार करावे लागतात. खपली कडक असेल आणि ती काढताना खाली रक्त किंवा ओली जखम दिसत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग संभवतो आणि अशा वेळी काही आठवड्यांसाठी अँटिबायोटिक मलमाची गरज भासू शकते. तिसरा प्रकार मात्र घरच्या आरशात सहसा ओळखू येत नाही. त्यात प्रत्येक केसाच्या मुळाशी पारदर्शक, नळीसारखे वेष्टन बसलेले असते, आणि ते डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याचे लक्षण मानले जाते. हा किडा पुष्कळ निरोगी माणसांच्या त्वचेवरही असतो, तेव्हा त्याचे नाव ऐकून अस्वच्छतेचा दोष स्वतःकडे घेण्याचे कारण नाही.

पातळ बेबी शाम्पू ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्याचे दहा भाग आणि शाम्पूचा एक भाग असे मिश्रण रोज ताजे करायचे, त्यात कापसाचा बोळा बुडवून पिळायचा, डोळा मिटून केसांच्या मुळांवरून तो आडवा फिरवायचा आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन टाकायचे. तेलकट खपल्या यामुळे चांगल्या निघतात. मात्र शाम्पू डोळ्यांसाठी बनवलेला नसतो. तो अश्रूंच्या थरातील तेल विरघळवतो, त्यामुळे ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यांची चुरचुर वाढू शकते. आईच्या बाबतीत तेच घडले. मे महिन्यात सुरुवात केल्यावर खपल्या कमी झाल्या, पण दुपारी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागले, आणि दोन महिन्यांनी खाज पूर्वीइतकीच होती.

तयार वाइप्स किंवा फोम महाग पडतात, पण ते मिश्रण करण्याची कटकट वाचवतात आणि डोळ्यांना कमी झोंबतात. गोव्यात त्यांचा आणखी एक लाभ असतो, जो मला पहिल्या पावसापर्यंत कळला नव्हता. जून-जुलैत इथे रुमाल दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो, आणि तोच दमट रुमाल रोज डोळ्यांना लावणे म्हणजे साफसफाईच्या नावाने जंतू परत ठेवण्यासारखे आहे. कापड वापरायचेच असेल, तर मलमलचे दहा-बारा लहान तुकडे करावेत, प्रत्येक वेळी नवा घ्यावा आणि धुतल्यावर इस्त्रीने पूर्ण कोरडा करावा. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा तुकडा हवा, आणि हाच नियम वाइपलाही लागू आहे.

जुलैमध्ये डॉक्टरांनी आईला खाली पाहायला सांगून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली वरच्या पापणीचे केस तपासले. केसांच्या मुळाशी ती नळीसारखी वेष्टने स्पष्ट दिसली आणि दोन महिन्यांच्या अपयशाचे कारण समजले, कारण शाम्पू वरची खपली काढतो, पण किडा केसाच्या मुळाच्या पोकळीत राहतो. टी ट्री तेलातील टर्पिनेन-४-ऑल हा घटक त्याला मारतो. किड्याचे जीवनचक्र साधारण दोन ते तीन आठवड्यांचे असल्यामुळे दहा दिवसांत खाज थांबली म्हणून उपचार सोडला, तर उरलेल्या अंड्यांतून तो पुन्हा वाढतो. म्हणून सहा आठवड्यांचा नेम हवा. अमेरिकेत २०२३ मध्ये या किड्यावर मान्यता मिळालेल्या लोटिलानेरच्या थेंबांचा कालावधीही सहा आठवड्यांचाच आहे.

टी ट्रीबाबत एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: दुकानात मिळणारे शुद्ध तेल, खोबरेल तेलात मिसळूनही, पापण्यांना लावू नये. त्याने बुबुळाला इजा होऊ शकते. पापण्यांसाठीच बनवलेले, ठरावीक प्रमाणाचे वाइप्सच वापरावेत. आईने पहिल्या आठवड्यात पापणीच्या आतल्या ओल्या कडेवरही वाइप घासला होता, आणि डोळे लाल होऊन झोंबू लागले. डोळा घट्ट मिटून फक्त केसांच्या मुळांपुरता तो फिरवायला लागल्यावर त्रास थांबला. हा घटक पापणीतील तेलग्रंथींच्या पेशींना अपायकारक ठरू शकतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे किड्याचे लक्षण नसताना तो आयुष्यभर वापरणे मला योग्य वाटत नाही.

चवथीच्या सुमारास सहा आठवडे पूर्ण झाले, खपल्या आणि खाज गेली, पण सकाळचा कोरडेपणा राहिला. तो तेलग्रंथी तुंबल्यामुळे होता, आणि तिथे कोणतेही वाइप उपयोगी पडत नाहीत. ग्रंथींतील घट्ट झालेले तेल वितळवण्यासाठी सुमारे ४० अंश सेल्सिअसची ऊब पाच ते दहा मिनिटे टिकावी लागते. गरम पाण्यात पिळलेले कापड दोन-तीन मिनिटांतच थंड होते, म्हणून ते सतत बदलावे किंवा गरम करता येणारी डोळ्यांची पट्टी घ्यावी. दोन्हींची ऊब आधी मनगटाच्या आतल्या बाजूला तपासावी, कारण पापणीची कातडी फार पातळ असते. त्यानंतर लगेच वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, केसांच्या कडेकडे, बोटाने हलक्या हाताने निपटावी. डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नये.

आज आई रात्री झोपण्यापूर्वी पट्टीची ऊब घेते, पापण्या निपटते आणि साधा, टी ट्री नसलेला वाइप वापरते. या सगळ्याला पंधरा मिनिटांहून कमी वेळ लागतो. काजळ तिने सोडले, कारण ते रोज कडेवर बसून ग्रंथींची तोंडे बुजवते. एकूण खर्च पाहता, डोळे कोरडे नसतील आणि फक्त तेलकट खपल्या असतील तर शाम्पूपासून सुरुवात करायला हरकत नाही. डोळे कोरडे असतील तर साधे वाइप्स घ्यावेत, आणि महिनाभर नेमाने साफसफाई करूनही खाज तशीच असेल तर स्वतःहून टी ट्री घेण्याऐवजी आधी केसांची मुळे तपासून घ्यावीत.

औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब मात्र स्वतःहून आणू नयेत. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण वापर लांबला तर डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदू होऊ शकतो. तसेच त्रास एकाच पापणीला असेल, तिथले केस गळत असतील, किंवा रांजणवाडी एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते तेलग्रंथीच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. अशा वेळी कोणत्याही साफसफाईवर महिने न घालवता पापणीचा तुकडा तपासणीस पाठवावा लागेल का, हे नेत्रतज्ज्ञांना थेट विचारावे.